सकाळच्या स्लॉटची क्षमता मिनिटांत मोजणं: प्रकल्प नोंदी

कामाची व्याप्ती: पुण्यात कर्वेनगरच्या गोडाऊनमधून भाजी आणि किराणा घरपोच पोचवणं. भाग चार: कर्वेनगर-वारजे, कोथरूड, सिंहगड रस्त्याचा आनंदनगर-हिंगणे पट्टा आणि डेक्कन-सदाशिव पेठ. इलेक्ट्रिक तीनचाकी गाड्या दोन. स्लॉट सकाळी ७ ते ९, ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७. पुढच्या नोंदींत ‘फेरी’ म्हणजे एका गाडीने एका स्लॉटमध्ये केलेली एक खेप, आणि ‘थांबा’ म्हणजे गाडी उभी राहते ती जागा. एका थांब्यावर एकापेक्षा जास्त ऑर्डरी असू शकतात. पुढचं सगळं काम याच फरकावर उभं आहे.

२ जून २०२५, सोमवार

आजवर प्रत्येक फेरीला १४ ऑर्डरींची मर्यादा होती. पंधरावी आली की स्लॉट बंद. काही दिवस गाडी साडेआठलाच रिकामी होऊन परत येते आणि काही दिवस साडेनऊ वाजून गेले तरी तीन क्रेट गाडीतच असतात. दोन्ही दिवशी ऑर्डरी १४च. म्हणजे मर्यादेचा आकडा कमी-जास्त करून हे सुटणार नाही.

हिशेब मांडून पाहिला. सोसायटीत शिरायचं, गेटवर नोंद करायची, लिफ्टने वर जायचं, क्रेट रिकामा करून परत यायचं याला सुमारे ७ मिनिटं लागतात. त्याच सोसायटीत दुसरी ऑर्डर असेल तर तिची भर फक्त ३ मिनिटांची, कारण गेट आणि पार्किंगचा वेळ आधीच गेलेला असतो. एका थांब्यावरून शेजारच्या थांब्यावर जायला साधारण ४ मिनिटं.

१४ ऑर्डरी १४ वेगवेगळ्या सोसायट्यांत असतील तर थांब्यांचे ९८ आणि प्रवासाचे ५२, एकूण १५० मिनिटं. त्याच १४ ऑर्डरी ६ सोसायट्यांत असतील तर पहिल्या ऑर्डरींचे ४२, उरलेल्या आठांचे २४ आणि प्रवासाचे २०, एकूण ८६ मिनिटं. स्लॉट दोन तासांचा म्हणजे १२० मिनिटांचा. पहिल्या दिवशी तो अर्ध्या तासाने फुटतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात अर्धा तास उरतो.

निर्णय: क्षमता ऑर्डरींत मोजायची नाही, मिनिटांत मोजायची. गाडी पहिल्या थांब्यावर ७ वाजता उभी असेल अशा बेताने गोडाऊनमधून निघते, म्हणून गोडाऊनपासूनचा प्रवास धरलेला नाही. १२० पैकी १५ मिनिटं राखीव ठेवून एका फेरीची मर्यादा १०५ मिनिटं धरली. क्रेटची जागाही तपासली. सकाळच्या फेरीत गाडी भरण्याआधी वेळ संपतो, त्यामुळे जागेची मर्यादा फक्त सणाच्या मोठ्या ऑर्डरींसाठी वेगळी ठेवली आहे.

५ जून, गुरुवार

७ आणि ३ हे आकडे चालकांशी बोलून काढलेले अंदाज होते. आज ॲपमधल्या नोंदींवरून पडताळले. चालकाच्या फोनवर ‘पोचलो’ आणि ‘निघालो’ अशी दोन बटणं आहेत.

पहिलीच अडचण: बऱ्याच थांब्यांची वेळ १० ते २० सेकंद निघाली. हात क्रेटमध्ये गुंतलेले असताना ‘पोचलो’ दाबणं राहून जातं आणि गाडीत परत बसताना दोन्ही बटणं एकापाठोपाठ दाबली जातात. एका मिनिटाखालच्या सगळ्या नोंदी बाजूला काढल्या. पुढे ‘पोचलो’ हे बटणच काढून टाकायचं ठरवलं. गाडीचा वेग शून्यावर येऊन ती थांब्याच्या ६० मीटरच्या आत ४० सेकंद राहिली की पोचली असं धरायचं. ‘निघालो’ दाबण्याची सवय मात्र पक्की आहे, कारण त्याशिवाय पुढचा पत्ता दिसत नाही.

दुसरा मुद्दा कोणता आकडा घ्यायचा हा. मध्यक घेण्याचा मोह होतो, कारण एखाद्या दिवशी लिफ्ट बंद पडून झालेली २० मिनिटं त्यात दिसत नाहीत. पण आपल्याला थांब्यांची बेरीज करायची आहे. सरासऱ्यांची बेरीज ही एकूण वेळेची सरासरी असते, मध्यकांच्या बेरजेला तसा अर्थ नाही. थांब्यांच्या वेळा उशिराच्या बाजूला लांबलेल्या असतात, त्यामुळे मध्यकांची बेरीज जवळजवळ नेहमीच कमी भरते. उलट, प्रत्येक थांब्याला सुरक्षित म्हणून वरचा आकडा दिला तर फेरी उगाच फुगते, कारण सगळ्या लिफ्ट एकाच दिवशी बंद पडत नाहीत. म्हणून थांब्याला सरासरी वेळ द्यायचा आणि सुरक्षेचा वेळ पूर्ण फेरीला एकदाच द्यायचा. वरची १५ मिनिटं तीच.

जाता जाता एक गोष्ट लक्षात आली. देखभालीसाठी वीज बंद ठेवतात त्या गुरुवारी, जनित्र नसलेल्या जुन्या इमारतींत चौथ्या मजल्याच्या वेळा दुप्पट होतात. सोसायटीच्या नोंदीत ‘जनित्र आहे/नाही’ असा रकाना वाढवला.

९ जून, सोमवार

ऑर्डरींचे गट पाडण्याचं काम. पहिला प्रयत्न सरळ रेषेतल्या अंतरावर होता: एकमेकांपासून एक किलोमीटरच्या आतले पत्ते एका गटात. नकाशावर गट छान गोल दिसले. प्रत्यक्षात एका गटात कर्वेनगरच्या चार सोसायट्या आणि आनंदनगरच्या दोन आल्या. मधून मुठा वाहते. या काठावरून त्या काठावरची इमारत डोळ्यांना दिसते, पण गाडीला राजाराम पुलाला वळसा घालूनच जावं लागतं, आणि सकाळी पुलाच्या दोन्ही तोंडांशी गर्दी असते.

पिनकोडवर गट पाडूनही पाहिले. नदीचा प्रश्न त्याने सुटतो: कर्वेनगर ४११०५२, आनंदनगर ४११०५१. पण कोथरूडचा ४११०३८ हा एकच पिनकोड एका फेरीसाठी फार मोठा आहे, आणि दोन पिनकोडांच्या सीमेवर समोरासमोर असलेल्या सोसायट्या वेगवेगळ्या गटांत पडतात.

पत्त्यांतही एक सापळा आहे. ‘हिंगणे’ एवढंच लिहिलेला पत्ता नदीच्या कुठल्याही काठावरचा असू शकतो: हिंगणे बुद्रुक कर्वेनगरच्या बाजूला आणि हिंगणे खुर्द सिंहगड रस्त्याला. पत्ता शोधणारी सेवा आत्मविश्वासाने एक काठ निवडते आणि चूक कुठेच दिसत नाही, गाडी तिथे पोचल्यावरच कळते. आता नियम असा: पत्त्यातला पिनकोड आणि नकाशावरचा बिंदू जुळत नसतील तर ऑर्डर फेरीत बसवायची नाही, आधी ग्राहकाकडून बिंदू खात्री करून घ्यायचा.

शेवटी ठरलं ते असं: अंतर मोजायचंच नाही, रस्त्याने लागणारा वेळ मोजायचा. त्यासाठी ओएसआरएम हे रस्त्यांचे मार्ग आणि वेळ काढणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं आहे. त्याला थांब्यांची यादी दिली की प्रत्येक जोडीमधला वेळ सेकंदांत मिळतो.

```
/table/v1/driving/73.81,18.49;73.82,18.48?annotations=duration
```

यात आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यायचा असतो. आमच्या तक्त्यात क्रम उलटा होता. उलट क्रमाने पुण्याचा बिंदू उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात पडतो, पण सेवा चूक दाखवत नाही. आपल्याकडच्या नकाशातला त्याला सर्वांत जवळचा रस्ता ती धरते. सगळे बिंदू एकाच रस्त्याला चिकटतात आणि सगळ्या वेळा जवळपास शून्य येतात. तक्त्यात शून्यांची रांग दिसली की आधी क्रम तपासावा.

११ जून, बुधवार

नवीन ऑर्डर आली की तिची ‘किंमत’ मिनिटांत काढायची पद्धत पक्की झाली. फेरीतल्या लागोपाठच्या प्रत्येक दोन थांब्यांच्या मध्ये नवा थांबा बसवून पाहायचा आणि सर्वांत कमी वाढ जिथे होते ती जागा घ्यायची. शेवटच्या थांब्यानंतरची जागाही तपासायची. खालच्या सूत्रात `a` आणि `b` हे लागोपाठचे थांबे, `n` नवा थांबा, `t` दोन थांब्यांमधला प्रवासाचा वेळ आणि `service(n)` नव्या थांब्यावर लागणारा वेळ.

```
extra = t[a][n] + t[n][b] - t[a][b] + service(n)
```

कर्वेनगर-वारजेच्या ७ ते ९ च्या फेरीवर हे करून पाहिलं. फेरीत सहा थांब्यांवर १४ ऑर्डरी, म्हणजे ८६ मिनिटं भरलेली.

आधीपासून थांबा असलेल्या सोसायटीतून ऑर्डर आली तर प्रवास वाढत नाही. भर ३ मिनिटांची, फेरी ८९ वर.

वारज्यातली नवी सोसायटी दोन थांब्यांच्या वाटेवरच आहे. पहिल्या थांब्यापासून तिथे ३ मिनिटं, तिथून पुढच्या थांब्याला ३, आणि आधी त्या दोघांमध्ये ४ लागत होती. प्रवासाची वाढ २, थांब्याचे ७, मिळून ९. फेरी ८६ वरून ९५ वर.

आनंदनगरची ऑर्डर: पूल ओलांडून जायला ११, परत यायला १२, त्यातून मूळची ४ वजा. वाढ १९, थांब्याचे ७, मिळून २६. ८६ अधिक २६ म्हणजे ११२. मर्यादा १०५ ची, म्हणून या ग्राहकाला ७ ते ९ दाखवायचाच नाही. सिंहगड रस्त्याच्या ९ ते ११ च्या फेरीत तिची किंमत १० च्या आत येते, तो स्लॉट सर्वांत वर दाखवायचा.

स्लॉट रिकामा आहे की भरलेला, हे आता पत्त्यावर ठरतं. एकाच क्षणी एका ग्राहकाला ७ ते ९ उघडा दिसेल आणि दुसऱ्याला बंद. म्हणून पत्ता विचारण्याआधी स्लॉट दाखवणं बंद केलं. ग्राहकसेवेच्या लोकांनाही हे समजावलं, नाहीतर ‘शेजारणीला मिळाला, मला का नाही’ या फोनला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

थांब्यांमधल्या वेळांचा तक्ता रोज रात्री एकदाच बनवायचा. ऑर्डर येताक्षणी नकाशाच्या सेवेला विचारत बसलो तर ती अडकली की विक्रीही अडकते. सोसायट्या सुमारे ३००, म्हणजे ९०,००० जोड्या. ओएसआरएम एका वेळी मूळ मर्यादेप्रमाणे १०० च बिंदू घेतं आणि त्यावर `TooBig` म्हणतं. चालू करतानाच मर्यादा वाढवली:

```
osrm-routed --algorithm mld --max-table-size 400 pune.osrm
```

या वेळांत गर्दी धरलेली नसते. चालकांच्या नोंदींशी ताडून सकाळी ७ ते ९ साठी १.२ ने आणि संध्याकाळसाठी १.५ ने गुणायचं ठरवलं. पूल ओलांडणाऱ्या जोड्यांना वरून आणखी ४ मिनिटं.

१६ जून, सोमवार

दोन ग्राहकांना एकाच वेळी शेवटची जागा मिळाली. फेरी ११३ मिनिटांवर गेली. कारण सरळ होतं: दोन्ही विनंत्यांनी आधी फेरी वाचली, दोघींना जागा दिसली, दोघींनी नोंद केली.

ऑर्डरी मोजायच्या असत्या तर `booked < capacity` अशी अट घातलेलं एकच `UPDATE` पुरलं असतं. इथे किंमत मार्गावर ठरते, म्हणून आधी फेरीची ओळ अडवावी लागते, मग थांबे वाचायचे, हिशेब करायचा आणि मगच नोंद.

```sql
BEGIN;
SELECT id FROM runs WHERE id = 412 FOR UPDATE;
-- थांबे वाचून मिनिटं मोजा; बसत असेल तरच पुढे
INSERT INTO run_stops (run_id, order_id, status, hold_until)
VALUES (412, 9031, 'held', now() + interval '12 minutes');
COMMIT;
```

हे पोस्टग्रेस डेटाबेसच्या मूळ `READ COMMITTED` या आयसोलेशन पातळीवर बरोबर चालतं. आमच्या एका सेवेत मात्र पातळी `REPEATABLE READ` ठेवलेली होती. तिथे व्यवहार पहिल्या क्वेरीच्या वेळचंच चित्र शेवटपर्यंत पाहतो. दुसरी विनंती ओळ मोकळी होण्याची वाट पाहते, ती मिळाल्यावर थांबे वाचते, पण वाट पाहण्याआधीचे. `runs` मधली ओळ कुणी बदललेली नसल्याने चूकही येत नाही. कुलूप लावूनही दोघं आत. दोन उपाय केले: पातळी खाली आणली, आणि प्रत्येक नोंदीबरोबर `runs` मधला आवृत्तीचा आकडा एकने वाढवायला सुरुवात केली, म्हणजे पुढे कुणी पातळी पुन्हा बदलली तर निदान व्यवहार चुकीने थांबेल.

१२ मिनिटांची राखण यूपीआय पेमेंटसाठी आहे. ग्राहक दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन आठवतो, बँकेचं उत्तर रेंगाळतं. मुदत संपलेल्या राखणी साफ करणारं काम दर मिनिटाला चालतं, पण हिशेब त्याच्यावर सोडलेला नाही. थांबे वाचतानाच `hold_until` उलटलेले वगळायचे. साफसफाई बंद पडली तरी जागा अडकून राहत नाही.

मुदतीनंतर पैसे जमा झाल्याचा निरोप आला तर ऑर्डर पुन्हा नव्यासारखी बसवून पाहायची. बसली नाही तर लगेच फोन: पुढचा स्लॉट हवा की पैसे परत. तोच निरोप दोनदा येतो, म्हणून पेमेंटच्या क्रमांकावर `UNIQUE` लावलं आहे.

१८ जून, बुधवार

शुक्रवारी पालख्या शहरात येतात आणि रविवारी पुढे निघतात. फर्ग्युसन रस्ता आणि लक्ष्मी रस्ता गाडीला मिळणार नाहीत. त्या दिवसांसाठी डेक्कन-सदाशिव पेठेच्या फेऱ्यांची मर्यादा १०५ वरून शुक्रवारी संध्याकाळी शून्य आणि इतर वेळी ६० केली. तारीख, फेरी आणि मर्यादा एवढ्या तीन रकान्यांचा अपवादांचा तक्ता त्यासाठी बनवला. स्लॉट हाताने बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण हाताने बंद केलेला स्लॉट सोमवारी उघडायचा राहून जातो. गणपतीतही हाच तक्ता वापरायचा.

१९ जून, गुरुवार

गेले तीन दिवस काही फेऱ्या हिशेबात बसत होत्या आणि रस्त्यावर मात्र पाच-दहा मिनिटं उशिरा संपत होत्या. एकही मोठी चूक दिसत नव्हती. लक्षात आलं ते असं की ज्या फेऱ्यांत रद्द केलेल्या ऑर्डरी होत्या, त्याच लांबत होत्या.

ऑर्डर बसवताना तिची वाढ आपण साठवत होतो आणि रद्द झाली की तेवढीच वजा करत होतो. वारज्याचं उदाहरण घेऊ. फेरी ८६ वर. नव्या सोसायटीतून पहिली ऑर्डर आली, वाढ ९, फेरी ९५. तिथूनच दुसरी आली, वाढ ३, फेरी ९८. आता पहिली रद्द झाली. आपण ९ वजा केले, फेरी ८९. पण गाडीला त्या सोसायटीत अजूनही जायचंच आहे, गेटवर नोंद करायचीच आहे. फेरी खरी ९५ वर आहे. कागदावर ६ मिनिटं मोकळी दिसतात आणि तिथे आणखी दोन ऑर्डरी विकल्या जातात.

वाढ ही ऑर्डरीची स्वतःची नसते, त्या क्षणी फेरीत आणखी कोण होतं त्यावर ती ठरते. म्हणून वजाबाकी पूर्ण काढून टाकली. काहीही बदललं की उरलेल्या थांब्यांवरून फेरी मुळापासून मोजायची. २० थांब्यांसाठी हे काही मिलिसेकंदांचं काम आहे. त्याच वेळी थांब्यांचा क्रमही सुधारून घेतो: क्रमातला एखादा तुकडा उलटा केल्याने वेळ कमी होतो का हे बघत जायचं, कमी होईनासा झाला की थांबायचं. एकेक ऑर्डर बसवत गेलेल्या क्रमात दहाव्या-बाराव्या ऑर्डरीपर्यंत वेडीवाकडी वळणं साठतात आणि यातून अनेकदा चार-पाच मिनिटं परत मिळतात.

रोज पहाटे तपासणी: साठवलेली मिनिटं आणि नव्याने मोजलेली मिनिटं यांत २ पेक्षा जास्त फरक असेल ती फेरी लाल.

२४ जून, मंगळवार

आजचा मुद्दा फेरी कशी भरत जाते हा. ऑर्डरी आदल्या दुपारपासून यायला लागतात आणि रात्री १० ला बंद होतात. दुपारच्या ऑर्डरी विखुरलेल्या असतात. एकाच सोसायटीतल्या जोडऑर्डरी रात्री ८ नंतर वाढतात, कारण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘उद्या भाजी मागवतेय’ म्हणतं आणि दोघी-तिघी सामील होतात. तोवर फेरी महागड्या ऑर्डरींनी भरलेली असते आणि ३ मिनिटांची ऑर्डर नाकारावी लागते.

नियम घातला: ८५ मिनिटांपर्यंत गटातली कुठलीही ऑर्डर चालेल. उरलेली २० मिनिटं फक्त ६ किंवा कमी मिनिटांच्या ऑर्डरींसाठी. या २० मिनिटांत ९ मिनिटांच्या दोनच ऑर्डरी बसतात, ३ मिनिटांच्या सहा. रात्री ९ ला राखण उठते आणि शेवटचा तास फेरी सगळ्यांना खुली होते, म्हणजे जागा वाया जात नाही.

याची झळ विरळ भागाला बसते. वारज्याच्या टोकाच्या बंगल्यांना ७ ते ९ कधीच मिळेना. त्यांच्यासाठी मंगळवार आणि शनिवार या दोन दिवशी उलट्या टोकापासून सुरू होणारी फेरी ठेवली आहे आणि त्या दिवशी त्या पिनकोडला ८५ ची अट लागत नाही. मिनिटांच्या हिशेबाने ती फेरी महागच आहे. पण एखाद्या भागाला सेवा देतो असं सांगायचं आणि स्लॉट कधीच उघडा दाखवायचा नाही, हे योग्य नाही.

३० जून, सोमवार

मध्यरात्रीनंतर आलेल्या दोन ऑर्डरी त्याच सकाळच्या ७ च्या फेरीत शिरल्या. तोवर क्रेट भरण्याची यादी छापून झाली होती. सर्व्हर यूटीसीवर चालतो. रात्री १२ ते पहाटे ५:३० या काळात त्याच्या लेखी आदला दिवसच चालू असतो, म्हणून ‘उद्या’ म्हणून त्याने आजची सकाळ विकली. वेळेची तपासणी मात्र भारतीय घड्याळातल्या ‘१० च्या आत’ या अटीवर होती आणि रात्रीचे साडेबारा म्हणजे ००:३०, ते २२:०० च्या आतच ठरलं.

तारीख आता `(now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date` अशी काढतो. मुख्य बदल दुसरा आहे: प्रत्येक फेरीला `closes_at` हा पूर्ण तारीख-वेळेचा रकाना दिला आणि विक्रीची अट `now() < closes_at` एवढीच ठेवली. ‘आज’, ‘उद्या’ आणि तासांची तुलना विक्रीच्या कोडमधून पूर्ण काढली.

बाकी राहिलेलं काम: चढाचे रस्ते. भरलेली तीनचाकी चढावर मंदावते आणि नकाशाच्या वेळांत ते धरलेलं नाही. कोथरूडच्या डोंगराकडच्या सोसायट्या फेरीच्या शेवटी, गाडी हलकी झाल्यावर घ्यायच्या की त्या जोड्यांचा वेळ वाढवायचा, हे पुढच्या आठवड्यात दोन्ही तऱ्हांनी तीन-तीन दिवस चालवून ठरवायचं. मोजायचं ते शेवटच्या थांब्यावर पोचण्याची वेळ आणि बॅटरीचं उरलेलं प्रमाण.